क्रिएटिनिन वाढलेलं असताना अँजिओग्राफी: मनगटातून की जांघेतून?

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे, वजन ६० किलो, मधुमेह १५ वर्षांपासून. क्रिएटिनिन १.९ आहे. चालताना छातीत दुखतं म्हणून अँजिओग्राफी सांगितली आहे. हृदयाचे डॉक्टर म्हणतात हातातून करू, रक्तस्राव कमी होतो. किडनीचे डॉक्टर म्हणतात हाताला हात लावू नका, पुढे डायलिसिस लागलं तर तीच नस कामाला येईल, जांघेतून करा. शिवाय डायने किडनी जाईल ही भीती आहेच. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: तुम्ही दिलेल्या माहितीवर मी उजव्या मनगटातून करीन, धमनीत बसवायची पोकळ नळी, म्हणजे शीथ, ५ फ्रेंच या बारीक मापाची वापरीन आणि त्या दिवशी फक्त चित्रं काढून थांबेन. वडील डावखुरे असतील तर डाव्या मनगटातून. मात्र त्याआधी एक गोष्ट बघीन, आणि ती तशी निघाली तर माझा निर्णय फिरेल.

ती गोष्ट म्हणजे गेल्या दोन वर्षांतले जुने रिपोर्ट. १.९ या क्रिएटिनिनवरून ६८ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते याचा अंदाज, साधारण ३८ येतो. दोन वर्षांपूर्वी तो ४० असेल आणि लघवीतून प्रथिनं फारशी जात नसतील, तर ही किडनी संथ गतीने उतरतेय. अशा माणसाला डायलिसिस लागेलच असं नाही. पण तेव्हा ६० होता, आज ३८ आहे आणि लघवीत भरपूर प्रथिनं आहेत, तर काही वर्षांत डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे हातातल्या धमनीची शिरेशी जोडणी, करावी लागण्याची शक्यता खरी आहे. अशा वेळी मी किडनीच्या डॉक्टरांचं ऐकून जांघेकडे वळेन. ईजीएफआर ३०च्या खाली गेलेला असेल आणि तो घसरतच असेल, तरीही तेच. एका दिवसाच्या क्रिएटिनिनवर हा वाद सुटत नाही, उताराचा वेग बघावा लागतो.

आता किडनीच्या डॉक्टरांना नेमकं काय वाचवायचं आहे ते बघू. डायलिसिससाठी सगळ्यात आधी पसंत केला जाणारा फिस्टुला मनगटाजवळ करतात. रेडियल धमनी बाजूच्या शिरेला जोडतात, म्हणजे शीर फुगते आणि आठवड्यातून तीनदा सुई घेण्याजोगी होते. अँजिओग्राफीची शीथ याच धमनीतून जाते. या धमनीचा व्यास साधारण २ ते ३ मिलीमीटर आणि ६ फ्रेंच शीथची बाहेरची जाडी जवळपास अडीच मिलीमीटर. धमनी लहान असेल तर शीथ तिच्या भिंतीला घासत जाते, आतला थर सोलवटतो आणि काही जणांत धमनी गुठळीने बंद होते. रुग्णाला याचा बहुधा पत्ताही लागत नाही, कारण करंगळीच्या बाजूची अल्नर धमनी तळहातातल्या कमानीतून सगळ्या बोटांना रक्त पुरवत राहते. हात गरम, बोटं गुलाबी, तक्रार काही नाही. एरवी आम्हीही याकडे फार लक्ष देत नाही. पण पुढे फिस्टुला लागणाऱ्या माणसाची पहिली जागा तिथेच गेलेली असते. धमनी उघडी राहिली तरी तिची भिंत जाड होऊ शकते आणि फिस्टुला नीट फुगत नाही.

फिस्टुला शक्यतो कमी वापराच्या हातावर करतात, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या. म्हणून मी उजवा हात म्हणालो. डावा हात राखून ठेवला तर दोन्ही डॉक्टरांचं समाधान होऊ शकतं. यात एक मुद्दा सहज निसटतो: डाव्या हाताच्या शिराही तितक्याच मोलाच्या आहेत. अँजिओग्राफी उजव्या मनगटातून करायची आणि सलाइनची सुई डाव्या हातावर कोपराखाली टोचून ठेवायची, असं सर्रास होतं. सुई तळहाताच्या मागच्या बाजूला लावा, रक्तही तिथूनच काढा, हे वॉर्डातल्या सिस्टरना तुम्ही स्वतः सांगा.

हृदयाच्या डॉक्टरांचा मुद्दाही ठाम आहे. २०११ची ‘रायव्हल’ आणि २०१५ची ‘मॅट्रिक्स’ या दोन मोठ्या चाचण्यांत, हार्ट अटॅक किंवा तशा अवस्थेत आलेल्या हजारो रुग्णांमध्ये, मनगटाच्या मार्गाने टोचलेल्या जागेचे त्रास स्पष्टपणे कमी झाले. मॅट्रिक्सच्या रुग्णांत किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाणही मनगटाच्या गटात १५.४ टक्के आणि जांघेच्या गटात १७.४ टक्के होतं. डाय दोन्ही गटांत होताच, मग हा फरक का पडावा? एक कारण रक्तस्राव: रक्तदाब पडला आणि हिमोग्लोबिन उतरलं की किडनीला प्राणवायू कमी पोचतो. दुसरं कारण म्हणजे जांघेतून वर जाणारं कॅथेटर पोटातल्या महाधमनीतून, किडनीच्या धमन्यांच्या तोंडावरून जातं. तिथल्या भिंतीवरचा चरबीचा थर खरवडला गेला तर त्याचे कण किडनीत जाऊन अडकू शकतात. मनगटातून जाताना हा टप्पाच लागत नाही.

तरीही हे आकडे जसेच्या तसे तुमच्या वडिलांना लावू नका. ते रुग्ण तातडीने आलेले होते, त्यांना रक्त पातळ करणारी जोरदार औषधं दिलेली होती आणि अनेकांना लगेच स्टेंट घातला होता. ठरवून, बारीक कॅथेटरने, फक्त चित्रं काढायची असतील तर दोन मार्गांतलं अंतर बरंच कमी होतं. म्हणून ‘जांघेतून केलं म्हणजे चुकलं’ असं मी म्हणणार नाही. जांघेत सोनोग्राफीने बघून सुई घालणारा अनुभवी हात असेल तर तो चांगला पर्याय आहे.

जांघेत सगळा खेळ सुई कुठे शिरते याचा आहे. ती मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यासमोर, मुख्य फिमोरल धमनीत शिरायला हवी, कारण नंतर धमनी दाबताना मागे हाडाचा आधार मिळतो. त्याखाली, धमनीला फाटा फुटतो तिथे टोचलं तर दाबायला टणक काही नसतं. मग दोनतीन दिवसांनी तिथे ठोके देणारी गाठ येते, तिला स्यूडोअॅन्युरिझम म्हणतात. डॉपलर सोनोग्राफीत ती लगेच दिसते. लहान असेल तर आपोआप बुजते, मोठी असेल तर सोनोग्राफीत बघून आत थ्रॉम्बिन टोचून बंद करतात. फार वर टोचलं तर जास्त धोका, कारण रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या पोकळीत साचतं. जांघेची पट्टी कोरडी असते, सूज नसते, आणि रुग्ण म्हणतो, ‘कंबर दुखतेय, झोपून झोपून आखडली असेल.’ सोबत घाम, पांढरा पडलेला चेहरा, उतरलेला रक्तदाब असेल तर ती कंबरदुखी नाही. जांघेतून अँजिओग्राफी झालेल्या माणसाला त्या दिवशी कंबरेत किंवा कुशीत नव्याने दुखू लागलं, तर तासाभराने बघू असं म्हणू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि गरज पडली तर सीटी स्कॅन, या क्रमाने निदान होतं. किडनीसाठी डाय टाळण्याच्या नादात हा स्कॅन अडवून ठेवू नये. रक्तस्राव दाखवायला डायशिवायचा साधा स्कॅनही बहुधा पुरतो.

मनगटाचे त्रास वेगळ्या जातीचे. धमनी आकसली की कॅथेटर हलत नाही आणि हात दुखतो. म्हणून शीथमधून नायट्रोग्लिसरीन किंवा वेरापामिल देतात, शिवाय गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन. हेपॅरिन टाळलं तर धमनी बंद पडण्याचं प्रमाण सरळ वाढतं. क्वचित वायर एखाद्या बारीक फांदीला भोक पाडते आणि कोपराखालचा हात फुगू लागतो. हात टणक झाला, बोटं सरळ करताना कळ येऊ लागली, मुंग्या आल्या, तर मनगटाची पट्टी बघत बसू नये, त्रास वर आहे. सुरुवातीला ओळखलं तर फुगलेल्या जागेवर रक्तदाबाचा पट्टा लावून वरच्या रक्तदाबापेक्षा थोड्या कमी दाबाने काही वेळ दाबून भागतं. उशीर झाला तर स्नायूंचा रक्तपुरवठा थांबून शस्त्रक्रियेची वेळ येते.

आणि ज्या धमनीवरून हा सगळा वाद आहे, तिचं नशीब ठरतं शेवटच्या काही मिनिटांत. शीथ काढताना मनगटावर हवेने फुगणारी पारदर्शक पट्टी बांधतात. घाईत तिच्यात भरपूर हवा भरून दोनचार तास तशीच सोडली, तर धमनी पूर्ण दाबलेली राहते, आत रक्त थांबतं आणि गोठतं. योग्य रीत अशी: शीथ निघाली की हवा हळूहळू सोडत जायची. टोचलेल्या जागी रक्ताचा थेंब दिसला की थांबायचं आणि मिली दोन मिली हवा परत भरायची. रक्त थांबलं पाहिजे, पण धमनी वाहती राहिली पाहिजे. खात्री कशी करायची? त्याच हाताच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावायचा आणि करंगळीकडची अल्नर धमनी बोटाने दाबायची. पडद्यावर लहर चालू राहिली तर अंगठ्याला रक्त रेडियलमधूनच येतंय. लहर सपाट झाली तर दाब जास्त आहे, हवा अजून सोडा. ही तपासणी मिनिटभराची आहे आणि कुठल्याही महागड्या साधनापेक्षा धमनी वाचवायला जास्त उपयोगी पडते. घरी जाण्याआधी तीच तपासणी पुन्हा करायला सांगा. धमनी तेव्हा बंद आढळली, तर अल्नर धमनी तासभर दाबून धरल्याने रेडियलमधला प्रवाह वाढतो आणि ताजी गुठळी कधी कधी सुटते. महिन्याने कळलं तर हा उपाय राहत नाही.

अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथूनही हीच धमनी पुढे टोचता येते. किडनीच्या रुग्णांत हा मार्ग मला तर्काला धरून वाटतो, कारण इजा झाली तरी ती फिस्टुलाच्या जागेच्या पुढे होते. पण तिथे धमनी आणखी बारीक असते आणि ऐन वेळी जागा बदलावी लागण्याचं प्रमाण जास्त. ज्यांचा रोजचा हात आहे त्यांनीच करावं.

आता डायची भीती. आयोडीनचा डाय किडनीच्या आतल्या भागातल्या रक्तवाहिन्या आकसवतो आणि नळ्यांच्या पेशींनाही इजा करतो. तो भाग मुळातच कमी प्राणवायूवर चालतो. मधुमेहाने थकलेली किडनी आणि शरीरात पाणी कमी, अशा अवस्थेत हा धक्का जास्त लागतो. यात आपल्या हातात मुख्यतः दोन गोष्टी आहेत: डाय किती जातो आणि त्या वेळी शरीरात पाणी किती आहे.

डायची मर्यादा ठरवायला एक सोपा हिशेब वापरतात. डायचे मिली ईजीएफआरच्या तिपटीवर जाऊ नयेत, दुपटीत राहिले तर उत्तम. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तिप्पट म्हणजे ११४ मिली, दुप्पट म्हणजे ७६. चित्रं काढायला खरं तर इतका लागत नाही. हृदयाच्या डाव्या धमनीची चार दृश्यं प्रत्येकी ६ मिली, उजवीची दोन प्रत्येकी ४ मिली, म्हणजे झाले ३२. कॅथेटर जागेवर बसलंय का हे बघायला दिलेल्या छोट्या पिचकाऱ्या धरल्या तरी ४०च्या आसपास काम होतं. हृदयाच्या डाव्या कप्प्याचं चित्र काढायला मात्र एकदम ३० ते ४० मिली जातो, आणि हृदय किती जोराने आकुंचन पावतं हे इकोवर आधीच कळलेलं असतं. तो भाग वगळायला सांगा.

त्याच कप्प्यात कॅथेटर नेऊन दाब मात्र जरूर मोजावा, त्याला डाय लागत नाही. हा दाब पाणी किती द्यायचं ते सांगतो. २०१४च्या ‘पोसायडन’ चाचणीत हीच पद्धत वापरली होती. आधी तासाभरात किलोमागे ३ मिली सलाइन, म्हणजे तुमच्या वडिलांना १८० मिली. मग कप्प्यातला दाब १३च्या खाली असेल तर किलोमागे तासाला ५ मिली, १३ ते १८ असेल तर ३ मिली, १८च्या वर असेल तर दीड मिली, आणि हे तपासणीनंतर चार तासांपर्यंत. दाब १४ निघाला असं समजू: तासाला १८० मिली, चार तासांत ७२० मिली. या पद्धतीने किडनीला इजा झाली ६.७ टक्के रुग्णांत, तर नेहमीच्या ठरावीक सलाइनवर १६.३ टक्के रुग्णांत. जिथे दाब मोजणार नाहीत तिथे किलोमागे तासाला १ मिली, आधी १२ तास आणि नंतर १२ तास, ही जुनी पद्धत आहे. वडिलांना पायाला सूज येत असेल, उताणं झोपल्यावर दम लागत असेल किंवा इकोत हृदय अशक्त असेल, तर सलाइनचा वेग डॉक्टरांनीच ठरवावा, कारण जास्त पाण्याने फुफ्फुसं भरली तर किडनी वाचवण्याचा हेतूच फसतो. आणि सकाळची तपासणी संध्याकाळवर गेली तर त्यांना बारा तास कोरडं ठेवू देऊ नका. पाणी केव्हापर्यंत प्यायलं चालेल हे स्पष्ट विचारून घ्या.

औषधांचं थोडक्यात. दुखणं कमी करणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या काही दिवस आधीपासून पूर्ण बंद. मेटफॉर्मिन तपासणीच्या दिवशी थांबवायचं आणि ४८ तासांनंतर क्रिएटिनिन बघूनच परत सुरू करायचं. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही, पण किडनी अडखळली तर ते अंगात साठतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबद्दल दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतील, तिथे किडनीच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा माना. ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका. किडनी वाचवायला म्हणून ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या अजूनही लिहून दिल्या जातात. २०१८च्या ‘प्रिझर्व्ह’ चाचणीत, सुमारे पाच हजार रुग्णांमध्ये, त्यांचा किंवा सोडा-बायकार्बच्या सलाइनचा साध्या सलाइनपेक्षा काही फायदा दिसला नाही. त्यांच्या भरवशावर सलाइनकडे दुर्लक्ष होणार नाही एवढं बघा. तपासणीनंतर लगेच ‘डाय धुऊन काढायला’ डायलिसिस करणं हाही उपाय नाही.

चित्रांत मोठा अडथळा दिसला तर तिथेच स्टेंट घालून टाकू, असं टेबलावरून विचारलं जाईल. छातीत दुखणं फक्त चालताना येतंय, बसल्या जागी नाही, तर थांबायला हरकत नसते. दुसऱ्यांदा डाय देण्याआधी क्रिएटिनिन मूळ आकड्यावर आलंय हे बघता येतं, आणि स्टेंट की बायपास याचा विचार शांतपणे होतो. मुख्य डावी धमनी धोकादायक अरुंद असेल किंवा टेबलावरच दुखणं सुरू झालं, तर गणित बदलतं. तेव्हा हृदय आधी. हे संमतिपत्रावर सही करण्याआधी बोलून ठेवा, वडील टेबलावर असताना बाहेर येऊन विचारलं की कोणालाच नकार देता येत नाही.

तपासणीनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन करायचंच, वडील घरी ठणठणीत असले तरी. दुसऱ्या दिवशी सकाळचा एकच रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ४८ तासांत ०.३ची वाढ, म्हणजे १.९चं २.२, याला किडनीची इजा धरतात. डायने झालेली वाढ बहुधा पहिल्या दोन दिवसांत दिसते, तीन ते पाच दिवसांत टोक गाठते आणि एकदोन आठवड्यांत उतरते. बहुतेकांची लघवी या काळात कमी होत नाही, म्हणून लघवी नीट होतेय हा पुरावा पुरेसा नाही. लघवी खरोखरच कमी झाली, सूज आली किंवा दम लागला, तर वाट न बघता दाखवा. क्रिएटिनिन दोन आठवड्यांनंतरही चढतच राहिलं आणि पायाची बोटं निळसर झाली किंवा कातडीवर जाळीसारखे जांभळे डाग आले, तर दोष डायचा नसून महाधमनीतून सुटलेल्या चरबीच्या कणांचा असू शकतो. ती इजा क्वचित होते, पण ती सहसा पूर्ण भरून येत नाही, म्हणून तसा संशय आला तर किडनीच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा आणि अँजिओग्राफी कुठल्या मार्गाने, कोणत्या तारखेला आणि किती मिली डायने झाली हे कागदावर सोबत न्या.